पट्ट्यांवरचा नमस्कार

पावसात गाडी चालवण्यात आमच्या ह्यांचा हात धरणारा जासई ते द्रोणागिरीपर्यंत कोणी नाही, असं यार्डातली माणसं म्हणायची. ते खरं होतं. मी सांगते म्हणून खरं माना, कारण कितीतरी पावसाळे मी ह्यांच्या मागे बसून काढले आहेत. मागे बसणाऱ्याला समोरचा रस्ता दिसत नाही, हे खरं. पण चालवणाऱ्याचे हात दिसतात, खांदे दिसतात, आणि माणूस घाबरला की त्याची पाठ आधी कडक होते, तेही समजतं. ह्यांची पाठ कधी कडक झालेली मला आठवत नाही.

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आम्ही साताऱ्याकडचे. लग्नानंतर खांदेश्वरला एका नव्या बिल्डिंगीत वन रूम किचन घेऊन राहिलो. हे कंटेनर सर्व्हेअर होते. सर्व्हेअर म्हटलं की गावाकडच्या लोकांना जमीन मोजणारा वाटायचा, आणि सासूबाईंनी सगळीकडे तसंच सांगून ठेवलं होतं. खरं काम असं : बंदराकडून यार्डात आलेला रिकामा कंटेनर आतबाहेरून बघायचा. पोचा कुठे आहे, गंज कुठे आहे, तळाची फळी कुजलीय का. मग आत उभं राहून दारं बंद करून घ्यायची आणि कुठून उजेड येतो का ते बघायचं. उजेड आला की भोक आहे. एक यार्ड जासईला, एक द्रोणागिरीला, आणखी एक त्याही पलीकडे खाजणात. त्या रस्त्यांवर ट्रेलर सोडून दुसरं काही फिरकत नसे. रिक्षावाले तिकडचं नाव काढलं की मान फिरवायचे. म्हणजे नोकरी कागदावर सर्व्हेअरची, पण खरी दोन चाकांवरची. मी जासईलाच एका क्लिअरिंग एजंटच्या ऑफिसात टायपिस्ट होते. त्यामुळे सकाळी एकाच गाडीवर दोघं निघायचो, शंभर सीसीच्या.

पावसाळा तोंडावर आला की घरात ह्यांचं एक वेगळंच सुरू व्हायचं. आधी टायर. नखाने खोबणी चाचपून बघायचे, आणि जरा गोटा झालेला वाटला की दुकानदाराशी हुज्जत घालत का होईना, नवा टाकून आणायचे. मग रेनकोट. सगळी दुनिया काळा नाहीतर खाकी घालायची. आमच्याकडे दोन्ही पिवळेधमक. मी म्हटलं, "अहो, हळदीला निघाल्यासारखं दिसतंय." तर म्हणाले, "दिसतंय ना? मग झालं. ट्रेलरवाल्याला आरशात दिसलं पाहिजे." लांब कोट ह्यांना चालत नसे, त्याचा घोळ चेनमध्ये जातो म्हणून. शर्ट-पँटचा सेट हवा. आणि मलाही तोच. साडी नेसून एका बाजूला बसायचं नाही, पंजाबी ड्रेस घालून दोन्हीकडे पाय टाकून बसायचं. ह्यावरून सासूबाईंनी एकदा दोन दिवस अबोला धरला होता. ह्यांनी तो खुशाल धरू दिला.

हेल्मेटच्या काचेला कापलेला बटाटा चोळायचे, पाणी ठरत नाही म्हणून. आतून वाफ धरली की काच बोटभर वर करायचे. आणि भर दिवसा हेडलाईट लावायचे. त्या लाईटने आमची करमणूक व्हायची. समोरून येणारा प्रत्येक माणूस हाताचा पंजा उघडमीट करून खुणावायचा, की बाबा रे, तुझी लाईट चालू राहिलीय. हे प्रत्येकाला मान डोलावून "हो हो" करायचे आणि लाईट तशीच ठेवायचे. पनवेल येईपर्यंत मी खिदळत असायची.

चालवणं मात्र खिदळण्यासारखं नव्हतं. जोरात पाऊस लागला की पुढचा ट्रेलर दिसायचाच नाही, नुसता तांबूस ठिपका दिसायचा. हे त्या ठिपक्यापासून भरपूर मागे राहायचे. जवळ गेलं की त्याच्या चाकांचा गढूळ फवारा थेट काचेवर. पण चालायचं त्याच्याच चाकांनी पाणी सारलेल्या पट्टीतून. डबकं दिसलं की बगल द्यायची, कारण आत खड्डा किती ते त्यालाच ठाऊक. डबक्यातून जावंच लागलं तर बाहेर आल्यावर ब्रेक हलके हलके दाबून सुकवून घ्यायचे. वळणाच्या खूप आधी, गाडी सरळ असतानाच वेग कमी करायचा. पुढचा आणि मागचा ब्रेक बरोबर, आणि दाबायचे कसे, तर पिकलेला आंबा दाबून बघतो तसे. गिअर खाली टाकताना क्लच झटक्यात सोडायचा नाही. वळणात ब्रेक नाही, गिअर नाही, रेस कमीजास्त नाही. यार्डात नवीन आलेल्यांना हे एवढंच सांगायचे, "पावसात रस्त्याला काही अचानक आवडत नाही. धरायचं ते हळू, सोडायचं तेही हळू."

आणि पांढरे पट्टे. त्यांच्यावर तर ह्यांचा जुना राग होता. नव्या रस्त्यांवर जिथे तिथे ऑइलपेंटचे चकचकीत पट्टे नि बाण मारत सुटले होते, त्याबद्दल तोंडभरून शिव्या द्यायचे. डांबर खरखरीत असतं, ओलं झालं तरी टायर धरतं. पेंट गुळगुळीत, त्यावर पाणी पडलं की साबण लावलेली फरशी. पट्टा आला की गाडी सरळ उभी ठेवायची, रेस आहे तशी धरून ठेवायची आणि काही न करता जाऊ द्यायचं. "काही न करणं हेच लोकांना जमत नाही," असं म्हणायचे.

जासईच्या यार्डाच्या गेटाआधी डावीकडे वळण होतं. त्या वळणावर गावदेवीचं छोटं देऊळ. तिथून जाताना यार्डातला प्रत्येक माणूस, पायी असो की गाडीवर, उजवा हात कपाळाला आणि मग छातीला लावायचा. हेही लावायचे. रोज. सकाळी आत जाताना आणि संध्याकाळी बाहेर येताना. ह्यांची देवावर फार श्रद्धा होती असं नाही, घरी मीच दिवा लावायची. पण ह्या देवीपुढे मात्र हात गेल्याशिवाय राहत नसे. मला ते आवडायचंही. खरं सांगायचं तर त्या क्षणी पिवळी बाही वर जाताना पाहून माझा हातही आपोआप कपाळाला जायचा.

त्या वर्षी पावसाळ्याच्या आधी यार्डवाल्यांनी वळण संपतं तिथेच, देवळासमोर, माणसांना ओलांडायला रुंद झेब्रा पट्टे मारले. जाडजूड, दुधासारखे. हे पहिल्याच दिवशी म्हणाले, "इथे कोणीतरी पडणार." सगळ्यांना सांगितलंही.

श्रावणातला शनिवार होता. जासईतल्या एका मुकादमाकडे सत्यनारायण होता. मुकादम म्हणजे ह्यांचा यार्डातला जिवाभावाचा माणूस, जासईचाच, देवळामागेच घर, मोठ्या आवाजाचा. पूजेला जायचं म्हणून मी साडी नेसले होते. निघताना उघडीप होती, म्हणून एका बाजूला बसले, आणि हेही काही बोलले नाहीत. पनवेल मागे पडलं आणि पाऊस असा आला की बाजूचं खाजण, मिठागरं, सगळं पुसून गेलं. हे अगदी नेहमीसारखे चालवत होते. वळणाच्या आधी वेग कमी केला, दुसऱ्या गिअरवर आणली, हलकेच डावीकडे झुकवली. पट्टे आले. एरवी इथे येईपर्यंत गाडी सरळ झालेली असायची, त्या दिवशी अजून पुरती झाली नव्हती. आणि मला पिवळी बाही वर जाताना दिसली.

उजवा हात. त्याच हातात रेस. हात सुटला की रेस एकदम बंद, आणि इंजिन मागच्या चाकाला धरून ठेवतं. कोरड्या डांबरावर त्याने काही होत नाही, नुसता एक आचका बसतो. ओल्या पेंटवर चाक थांबतं कुठलं, ते उजवीकडे सटकलं आणि आम्ही डावीकडे आडवे. मी डाव्या कोपरावर पडले. ह्यांचा पाय गाडीखाली. गेटावरचे लोक धावत आले, मुकादम पूजेतून सोवळ्यावरच पळत आला. आणि लोक मला उचलत असताना ह्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं :

"तू हललीस."

हात लोंबकळत होता आणि डोळ्यांपुढे अंधारी येत होती, बोलणार काय. नंतर पनवेलच्या दवाखान्यात, नातेवाईक भेटायला आले तेव्हा, यार्डातली माणसं केळी घेऊन आली तेव्हा, हे सगळ्यांना तेच सांगत राहिले. "साडी होती ना. एका बाजूला बसलेली. पट्ट्यावर हलली." सगळ्यांना ते लगेच पटायचं. बायका तर माझ्याकडे बघून चुकचुकायच्या. ह्यांना खोटं बोलायचं नव्हतं. हात वर गेला हे ह्यांना माहीतच नव्हतं. श्वास घेतला हे कोणाला माहीत असतं?

मला संताप आला होता, तो आजही आठवतो. पण मी म्हटलं, असू दे. आपल्याला माहीत आहे ना, मग झालं. शिवाय नमस्काराने पाडलं हे बाईने कोणत्या तोंडाने सांगायचं?

ह्यांचा पाय महिन्याभरात बरा झाला. माझ्या कोपराचं प्लास्टर निघालं, पण हात पुरता सरळ होईना. सांध्यातच मोडलं होतं, डॉक्टर म्हणाले एवढंच राहील. टायपिंग जमत होतं. वरच्या फळीवरचा डबा काढायला स्टूल लागायचं, इतकंच.

खरं मोडलं ते दुसरंच. गाडी दुरुस्त होऊन आली, हे बसले, आणि पाऊस सुरू झाला की ह्यांना चालवता येईना. मी मागे नसतानासुद्धा. टायर नवे होते ते परत बदलले. ब्रेकशू बदलले. चेन ढिली, चेन ताठ, सगळं करून झालं. चार थेंब पडले की गाडी बाजूला घेऊन उतरायचे आणि ढकलत न्यायचे. पिवळ्या रेनकोटातला धडधाकट माणूस चालू स्थितीतली गाडी ढकलत चाललाय, आणि समोरचे लोक पंजा उघडमीट करून सांगताहेत की लाईट चालू आहे. आता मला हसू येत नसे. एकदा मी मागे बसले तर ती पाठ अशी कडक लागली, की मला रडूच फुटलं. माणूस आतून संपत चाललेला मी पाठीमागून बघत होते.

ह्यांचे साहेब वाईट नव्हते. बरेच दिवस त्यांनी सांभाळून घेतलं. शेवटी म्हणाले, "पुढच्या पावसाळ्यात जमलं तर ठीक, नाहीतर मला दुसरा माणूस बघावा लागेल. तीन यार्डं पायी कशी करणार?" हिवाळा, उन्हाळा गेला. पुन्हा पाऊस आला, आणि पुन्हा तेच. ह्यांना दुसरं काही येत नव्हतं, आणि खरं तर दुसरं काही करायची इच्छाही नव्हती. लोखंडी पेटीत उभं राहून उजेडाचं टोक शोधणं ह्यांना आवडायचं.

मग मी विचार केला. माणूस कशाने पडला हे ज्याला समजत नाही, त्याला सगळ्याचीच भीती वाटणार. बायको हलली हे लोकांना सांगायला ठीक, पण ह्यांच्या हातांना ते पटलेलं नव्हतं. खरं कारण समजलं तर भीती तेवढ्यापुरती राहील. अजूनही मला हा विचार चुकीचा वाटत नाही. म्हणूनच जास्त वाईट वाटतं.

एका रविवारी दुपारी मी सांगितलं. "अहो, मी हलले नव्हते. तुम्ही नमस्कार केलात."

हे पलंगावर बसले होते. तिथल्या तिथे दोन्ही हात हँडल धरल्यासारखे पुढे केले, थोडे डावीकडे कलले, आणि उजवा हात सावकाश उचलून कपाळापर्यंत नेला. तिथेच थांबले. हाताकडे बघत राहिले. बाहेर धो धो चाललं होतं.

"रेनकोट घाल," म्हणाले.

मी ड्रेस घालून, दोन्हीकडे पाय टाकून मागे बसले. आणि ती पाठ मऊ होती! पहिल्या चौकातच मला जाणवलं. ट्रेलरपासून अंतर ठेवून, त्याच्या चाकांच्या पट्टीतून, एक गिअर वरचाच ठेवून संथ. दोन बोटं ब्रेकवर, दाबणं असं की मला पुढे सरकल्याचं कळतसुद्धा नव्हतं. पाऊस मागच्या श्रावणाइतकाच होता. जासईचं वळण आलं. आधीच वेग कमी, गाडी हलकेच कलली, पट्ट्यांच्या आधी सरळ उभी झाली. माझी नजर त्या उजव्या मुठीवर. मूठ हलली नाही. पट्टे खालून निघून गेले, जसे काही नव्हतेच. देवळापुढून आम्ही नमस्कार न करता गेलो. ह्यांनी पुढून वळवून परत आणली, पुन्हा गेले. पुन्हा तसंच.

गेटाच्या शेडखाली मुकादम उभा होता. तो ओरडला, "आरं वा! जमला ना! वयनी, आता टेन्शन नाय. पन पानी लय हाय, दमान जा."

परत येताना मी मागे बसून गाणं गुणगुणत होते. नोकरी वाचली, माणूस वाचला, असंच मला वाटत होतं. घरी आल्यावर रेनकोट मोरीत टांगले, चहा टाकला. कप द्यायला हात पुढे केला तर ह्यांनी तो घेतला नाही. कपाकडे नाही, माझ्या कोपराकडे बघत होते.

"सरळ कर बघू."

"एवढाच होतो."

"अजून कर."

"एवढाच होतो हो. चहा घ्या."

हे उठून खिडकीशी गेले. वर्षभर तो हात ह्यांच्या समोर होता. भाकरी थापताना, केस बांधताना, स्टुलावर चढताना. पण तोवर तो हललेल्या बाईचा हात होता. त्या दुपारी पहिल्यांदा तो ह्यांनी मोडलेला हात झाला. मी हे ह्यांच्या चेहऱ्यावर बघितलं. भीती काढायला म्हणून गेले आणि तिच्या जागी काय ठेवून आले, हे मला तेव्हा समजलं.

सोमवारी सकाळी हे तयार होऊन बसले. डबा भरलेला. किल्ली खुंटीवर. उशीर होत चालला तशी मी म्हटलं, "चला ना, काल किती छान चालवलीत."

"चालवता येते," हे म्हणाले. "तोच तर प्रश्न आहे. मला चालवता येत होती."

त्यानंतर हे गाडीवर बसले नाहीत. पावसात नाही आणि उन्हातही नाही. मी चिडले, रडले, मुकादमाला घरी बोलावून समजावून पाहिलं. सासूबाईंनी देवीला नारळ वाहिला. हे सगळ्यांचं शांतपणे ऐकून घ्यायचे. भीती असती तर मी तिच्याशी भांडले असते, भीतीशी भांडता येतं. पण ज्या हातांवर सगळा यार्ड डोळे मिटून विश्वास टाकायचा, त्या हातांवरचा ह्यांचा स्वतःचा विश्वास गेला होता, आणि तो घालवणारं वाक्य माझंच होतं. गणपतीच्या आधी साहेबांनी दुसरा माणूस घेतला. गाडी त्यानेच विकत घेतली. आमच्या बिल्डिंगीखालच्या हार्डवेअरच्या दुकानात हे काउंटरवर बसायला लागले, खिळे वजन करून द्यायला.

दुकानातून आल्यावर एकदा, मी वरचा डबा काढायला स्टूल ओढत होते, तेव्हा हे पुढे आले आणि डबा काढून दिला. तसेच उभे राहिले.

"एकदा म्हण ना," म्हणाले.

"काय म्हणू?"

"तू हलली होतीस असं."

मी स्टूल सोडलं. म्हटलं, "हलले होते. साडी सावरायला. खरंच हलले होते."

ह्यांनी माझा डावा हात हातात घेतला, सरळ करायला गेले, आणि तो जिथे अडतो तिथे थांबले.

"नाही गं," म्हणाले, "तू नव्हती हललीस."